आधी वेळापत्रक, मग विषय

मृगाचा पाऊस पडून पेरण्या उरकतात न उरकतात, तोच बारावी पास झालेल्या मुलामुलींची कॉलेजच्या प्रवेशाची धांदल सुरू होते. आपल्या तुळजापूर तालुक्यातलं जळकोट हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. इथली मुलं कुणी नळदुर्गला जातात, कुणी तुळजापूरला, कुणी उमरग्याला. पूर्वी प्रवेशाचा अर्ज भरणं म्हणजे शाखा सांगायची आणि विषय लिहायचे, एवढंच काम होतं. आता अर्जात रकानेच रकाने असतात. मुख्य विषय, कौशल्याचा विषय, भाषा, आणि त्यातच एक रकाना असतो ‘खुला वैकल्पिक विषय’, म्हणजे ज्याला कॉलेजात सगळे ओपन इलेक्टिव्ह म्हणतात तो.

हा रकाना बहुतेक मुलं मैत्रिणीचं किंवा मित्राचं बघून भरतात. मग ऑगस्टमध्ये ध्यानात येतं, की या खुल्या विषयाचा तास आणि रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक एकाच वेळी आहे. एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे अशी मुलाची गत होते. असं का होतं, ते आधी कसं ओळखायचं आणि झालंच तर वाट कशी काढायची, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून पदवीची नवी रचना सुरू झाली. धाराशिव जिल्ह्यातली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथंही ती लागू आहे. या रचनेत सगळा हिशेब श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये होतो. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक मिळवायचे आणि तीन वर्षांची पदवी हातात यायला १२० ते १३२ श्रेयांक भरायचे.

श्रेयांक हा शब्द ऐकून बिचकू नका. दुधाच्या डेअरीत जसं फॅट आणि लिटर यांवर माप होतं, तसं हे शिकण्याचं माप आहे. वर्गात बसून ऐकायच्या विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं धरलं, तर आठवड्याला एक तास. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक मात्र ३० तासांचा, म्हणजे आठवड्याला दोन तास. हा दुपटीचा फरक मनात पक्का ठेवा, कारण वेळेच्या भांडणाचं मूळ इथंच आहे.

कला शाखेच्या मुलाचे २२ श्रेयांक बहुतेक वर्गातलेच असतात, म्हणून त्याला आठवड्याला बावीस-चोवीस तास पुरतात. विज्ञानाच्या मुलीचेही श्रेयांक बावीसच, पण त्यातले आठ जर प्रात्यक्षिकाचे असतील तर तिचे तास होतात तीस. गुणपत्रिकेवर दोघांचं ओझं सारखं दिसतं. घड्याळावर मात्र विज्ञानाच्या मुलीला आठ तास जास्त लागतात. तिच्या आठवड्यात मोकळी जागाच कमी, आणि खुला विषय त्या उरलेल्या जागेत बसवायचा असतो. म्हणून ज्यांना प्रात्यक्षिकं आहेत त्यांनी खुला विषय निवडताना कला शाखेच्या मुलांपेक्षा दुप्पट काळजी घ्यावी.

मुख्य काय आणि खुलं काय?

पहिल्या वर्षी मुलगा तीन विषय घेतो. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मुख्य विषय होतो, एक गौण विषय म्हणून राहतो आणि तिसरा सुटतो. ज्या विषयात पुढं पदवी मिळणार, तो हा मुख्य विषय. त्याला मेजर म्हणतात. हा आपल्या शेतातल्या विहिरीसारखा समजा. ती आहे तिथंच राहणार, पाइप आपण तिच्याकडं न्यायचा.

खुला विषय वेगळ्या कामाचा आहे. तो आपल्या विद्याशाखेबाहेरचा असावा, असा नियम आहे. विज्ञानाच्या मुलीनं थोडं हिशेबाचं शिकावं, कलेच्या मुलानं थोडं विज्ञान जाणावं, हा त्यामागचा हेतू. आता विद्याशाखा म्हणजे काय, यातच बरेच जण फसतात. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात चार विद्याशाखा सांगितल्या आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे सगळे मानव्यविज्ञानात येतात. इतिहास घेतलेल्या मुलाला वाटतं, अर्थशास्त्र म्हणजे पैशाचा विषय, तो वाणिज्यात असेल. पण ते त्याच्याच विद्याशाखेतलं निघतं आणि खुला विषय म्हणून चालत नाही. विषयाच्या नावावर जाऊ नका. तो कोणत्या विद्याशाखेच्या यादीत छापला आहे ते पाहा.

दुसरी गोष्ट यादीची. विद्यापीठ खुल्या विषयांची जी यादी काढतं तिला बास्केट, म्हणजे टोपली म्हणतात. टोपलीत विषय पुष्कळ असतात, पण आपल्या कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक असतील तेवढेच विषय तिथं चालतात. ज्या कॉलेजात वाणिज्य शाखाच नाही, तिथं वाणिज्याचा खुला विषय कोण शिकवणार? शिवाय पुरेशी मुलं आली नाहीत तर जाहीर केलेला विषयही मागं घेतला जातो. म्हणून विद्यापीठाची यादी वाचून मनोरे बांधू नका. कॉलेजच्या सूचनाफलकावर यंदा कोणते विषय चालणार हे लिहिलेलं असतं, त्यावरून ठरवा, आणि मनात एक नव्हे तर दोन नावं ठेवा.

एका मुलीचं वेळापत्रक मांडून पाहू

आपण उदाहरणासाठी जळकोटहून रोज एस.टी.नं कॉलेजला जाणारी बी.एस्सी. पहिल्या वर्षाची एक मुलगी धरू. तिचे विषय वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र. प्रत्येकाचे चार श्रेयांक, त्यातले दोन वर्गातले आणि दोन प्रात्यक्षिकाचे. हे झाले बारा. बाकी दहा श्रेयांकांत भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, एक प्रात्यक्षिकाचा कौशल्य विषय आणि एक खुला विषय, प्रत्येकी दोन-दोन. प्रत्येक विद्यापीठाची वाटणी थोडी इकडं-तिकडं असते, पण हिशेबाची रीत हीच.

आता घड्याळ लावू. तीन विषयांचे वर्गातले सहा तास आणि भाषा वगैरे तिघांचे सहा तास, असे बारा तास. ते रोज सकाळी ९ ते ११ असे सहा दिवसांत बसतात. प्रात्यक्षिकं आठवड्याला तीन, प्रत्येक चार तासांचं, ११ ते ३. कौशल्याचे चार तास. खुल्या विषयाचे दोन. एकूण तीस.

प्रयोगशाळेत सगळी मुलं एकदम मावत नाहीत, म्हणून त्यांच्या दोन तुकड्या केलेल्या असतात. पहिल्या तुकडीची प्रात्यक्षिकं सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी. दुसऱ्या तुकडीची मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी. आपली मुलगी दुसऱ्या तुकडीत आहे. तिचा कौशल्याचा विषय सोमवारी आणि बुधवारी १ ते ३ असतो.

कॉलेजात दोन खुले विषय चालतात. एक वाणिज्याचा, हिशेब लिहिण्याचा. तो गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी १२ वाजता. दुसरा मानव्यविज्ञानातला, व्यवहारात लागणाऱ्या मराठीचा. तो सोमवारी आणि बुधवारी दुपारी १२ वाजता.

मुलीच्या घरी दुधाचा धंदा आहे, वडिलांना बँकेचं कर्ज आहे. तेव्हा हिशेबाचा विषय तिच्या मनात भरला, यात नवल नाही. पण गुरुवारी ११ ते ३ तिचं वनस्पतिशास्त्राचं प्रात्यक्षिक आहे. दर आठवड्याला हिशेबाच्या दोन तासांतला एक तास बुडणार.

‘‘सर, आठवड्यातून एक तास गेला तर काय बिघडतंय वो?’’ असं तिचे वडील कॉलेजात येऊन विचारतील. त्यावर प्राध्यापक कागद पुढं ओढून सांगतील, ‘‘काका, एक तास नाही, निम्मा विषय जातोय. दोन श्रेयांकांचे मिळून तीस तास. पंधरा आठवड्यांत पंधरा तास बुडाले की हजेरी राहिली पन्नास टक्के. परीक्षेला बसायला साधारणपणे पंच्याहत्तर टक्के लागते.’’

पंच्याहत्तर टक्के म्हणजे तीसपैकी २३ तास. म्हणजे मुलीला सगळ्या सत्रात सातच तास चुकवता येतात. ही सात तासांची शिल्लक कशासाठी असते? एखादा दिवस ताप येतो, नदीनाल्याला पाणी येऊन गाडी बंद होते, आणि ऐन ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि रास यांसाठी घरात हात कमी पडतात. शेतकऱ्याच्या मुलीची शिल्लक तिथंच संपते. ती आधीच वेळापत्रकाच्या भांडणात उधळली, तर आजारपणाला आणि राशीला काहीच उरत नाही.

मग प्रात्यक्षिक सोडून तासाला जावं का? ते तर मुळीच नको. चार तासांचं प्रात्यक्षिक अशी पंधरा होतात आणि त्यातली तीनच चुकवता येतात. मधून तासाभरासाठी उठून जाता येत नाही, कारण मांडलेला प्रयोग आपल्यासाठी थांबत नाही. जर्नल अपुरी राहिली आणि त्यावर सह्या नसल्या, तर प्रात्यक्षिक परीक्षेला अडचण येते.

‘‘मग तिची तुकडी बदलून द्या की सर,’’ वडील म्हणतील. ही सूचना चांगली आहे आणि बऱ्याच वेळा कामीही येते. पण इथं ती लागू पडते का, ते मांडून पाहावं लागतं. पहिल्या तुकडीत गेली तर शुक्रवारी प्रात्यक्षिक येतं आणि हिशेबाचा शुक्रवारचा तास बुडतो. भांडण गुरुवारचं उठून शुक्रवारवर गेलं, मिटलं नाही. पुष्कळ मुलं अशी घाईनं तुकडी बदलून घेतात आणि नव्या तुकडीत तीच अडचण घेऊन बसतात.

मराठीचा विषय पाहा. सोमवारी आणि बुधवारी १२ वाजता दुसऱ्या तुकडीला प्रात्यक्षिक नाही. १ वाजता कौशल्याचा तास आहे, त्याच्या आधीच तो संपतो. कुठंच अडत नाही. तेव्हा या सत्रात आपल्या मुलीसाठी मराठी हाच विषय बरोबर. हिशेबाचं काय? तो कायमचा गेला असं नाही. खुला विषय एकाच सत्रात नसतो, पुढच्या सत्रातही घ्यायचा असतो. तेव्हा दोन नोव्हेंबरच्या गोष्टी आत्ताच करून ठेवाव्यात: हिशेबाचा विषय पुढच्या सत्रात आहे का हे विचारावं, आणि त्याची वेळ ठरण्यापूर्वीच विज्ञानाच्या मुलांची अडचण कॉलेजच्या कानावर घालावी.

मनातला विषय सोडल्यानं नुकसान किती, हेही आकड्यांतच बघू. सत्राच्या सरासरीत प्रत्येक विषयाचं वजन त्याच्या श्रेयांकाएवढं असतं. २२ श्रेयांकांत खुल्या विषयाचे दोन. त्यात दोन श्रेणीगुण कमी पडले, तर सत्राची सरासरी ०.१८ नं घटते. तेच चार श्रेयांकांच्या मुख्य विषयात दोन गुण कमी पडले, तर ०.३६ नं घटते. म्हणून दोघांत एकाला सरकायचं असेल तर खुल्या विषयानं सरकायचं. पण म्हणून खुल्या विषयात नापास झालं तरी चालेल, असं कुणी समजू नये. ते दोन श्रेयांक मिळाले नाहीत तर पदवीचा हिशेब पुरा होत नाही, आणि तो पेपर पुन्हा द्यावा लागतो.

अर्ज करण्यापूर्वी हा कागद काढा

वरचा सगळा हिशेब वहीच्या एका पानावर होतो. आडवे सहा वार, उभे तास, असा चौकोन आखा. पहिल्यांदा प्रात्यक्षिकं शाईनं भरा, तीही आपल्याच तुकडीची. मग मुख्य विषयांचे तास शाईनंच भरा. भाषा आणि बाकीचे विषय त्यानंतर. आता ज्या घरात पांढरं राहिलं, तिथं खुला विषय पेन्सिलीनं लिहून पाहा. आधी एक लिहा, पुसा, दुसरा लिहा. जो कुठल्याही शाईवर चढत नाही तो आपला.

त्याच कागदाच्या तळाशी गाडीच्या वेळाही लिहा. हे काम शहरातल्या मुलांना करावं लागत नाही, आपल्याला लागतं. सगळ्या शाखांच्या मुलांना एकत्र बसवायचं असल्यामुळे कॉलेजं खुला विषय बऱ्याचदा सकाळी अगदी पहिल्यांदा किंवा दुपारी अगदी शेवटी ठेवतात. सकाळी ८ चा तास असेल आणि आपली गाडी कॉलेजच्या गावात पोचायलाच सव्वाआठ वाजत असतील, तर कागदावर भांडण नसूनही प्रत्यक्षात ते आहेच. दुपारी उशिराचा तास आणि परतीची गाडी यांचंही असंच. मुलगी असेल तर घरचे अंधार पडण्याची वेळ पाहतात. तेही लपवून न ठेवता याच वेळी बोलून घ्यावं. नंतर मनाविरुद्ध तास बुडवण्यापेक्षा हे बरं.

कॉलेजनं वेळापत्रक आधी लावलं नाही आणि विषय आधी मागितले, असंही होतं. अशा वेळी मागच्या वर्षीचं वेळापत्रक वरच्या वर्गातल्या मुलांकडून मागून घ्या. ते जसंच्या तसं राहील असं नाही, पण खुल्या विषयांना सकाळ देतात की दुपार, याचा अंदाज येतो. आणि विषय बदलायला साधारण किती दिवस मुदत आहे, हे अर्ज देतानाच कार्यालयात विचारून लिहून ठेवा. मुदत गेल्यावर सगळ्या वाटा अवघड होतात.

अडचण आलीच तर

तास सुरू झाल्यावर भांडण ध्यानात आलं, तर पहिल्या आठवड्यातच हलावं. वाट पाहिली तर सुटत नाही. प्रत्येक आठवड्याला एक तास हजेरीतून जातच राहतो.

पहिली वाट तुकडी बदलण्याची. ती त्या त्या विषयाच्या विभागप्रमुखांच्या हातात असते. एका विषयाची तुकडी बदलली की दुसऱ्या विषयाच्या तुकडीशी नवं भांडण लागतं का, हे चौकोनावर पाहूनच मागणी करावी. दुसरी वाट खुला विषय बदलण्याची. मुदतीच्या आत असलात तर हीच सोपी. तिसरी वाट म्हणजे खुल्या विषयाचा एक तास हलवून मागणं. ही एकट्यानं मागून मिळत नाही, कारण त्या तासाला तीन शाखांची मुलं बसलेली असतात. पण वीस मुलांची तीच अडचण असेल, तर वीस सह्यांचा एकच अर्ज करावा आणि त्यात पर्यायी वेळही सुचवावी. ‘काहीतरी करा’ म्हणणाऱ्या अर्जापेक्षा ‘गुरुवारचा १२ चा तास सोमवारी ११ ला घेतल्यास दुसऱ्या तुकडीला अडचण नाही’ असं सांगणाऱ्या अर्जावर लवकर निर्णय होतो.

अर्ज साधा असावा. नमुना असा:

मा. प्राचार्य यांस,
सा. न. वि. वि.
मी बी.एस्सी. प्रथम वर्ष, सत्र पहिले, हजेरी क्रमांक ....., प्रात्यक्षिक तुकडी दुसरी. माझा खुला वैकल्पिक विषय ..... याचा गुरुवारी दुपारी १२ चा तास आणि वनस्पतिशास्त्राचे प्रात्यक्षिक (गुरुवार ११ ते ३) एकाच वेळी येतात. त्यामुळे खुल्या विषयात हजेरी पुरी होणार नाही. तरी मला त्याऐवजी ..... हा खुला विषय देण्यात यावा. त्याची वेळ माझ्या कोणत्याही तासाशी येत नाही. वेळापत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक व तारीख टाकून घेऊन घरी जपून ठेवावी. तोंडी ‘बघू, करू’ यावर विसंबून राहू नये. विषय बदलून मिळाला तरी काम संपलं नाही. विद्यापीठाच्या परीक्षेच्या ऑनलाइन अर्जात नवाच विषय आणि त्याचाच क्रमांक आला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावं. वर्गात मराठी आणि परीक्षेच्या अर्जात हिशेब, असा घोळ राहिला तर तो थेट हॉलतिकिटावर दिसतो, आणि तेव्हा परीक्षा दोन दिवसांवर आलेली असते.

अडचण आहे पण मुलगा सांगत नाही, हे घरच्यांनी कसं ओळखावं? एक सोपी खूण आहे. खुल्या विषयाच्या अंतर्गत गुणांबद्दल विचारा. प्रत्येक विषयात सत्रातच चाचण्या, गृहपाठ यांचे काही गुण असतात. मुख्य विषयाची चाचणी कधी झाली हे मुलगा लगेच सांगतो, पण खुल्या विषयाचं विचारलं की ‘अजून झाली नसेल’ म्हणतो. बहुतेक वेळा ती झालेली असते, हा प्रयोगशाळेत होता आणि त्याला कळलंच नाही. निकालात मग लेखी पेपरला गुण असूनही अंतर्गत रकान्यात गैरहजर असा शेरा येतो आणि विषय अडकतो.

मोबाइलवरचा कोर्स ही चौथी वाट

कॉलेजात एकही खुला विषय वेळेत बसत नसेल, तर केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ नावाचं शिक्षणाचं संकेतस्थळ आहे. पत्ता swayam.gov.in असा आहे. ते २०१७ साली सुरू झालं. त्यावर प्राध्यापकांची व्याख्यानं ध्वनिचित्ररूपात असतात, ती आपल्या सवडीनं पाहता येतात. नाव नोंदवणं आणि शिकणं फुकट. श्रेयांक हवे असतील तर शेवटची परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी भरावी लागते. सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गानं पुरे करू देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांत आहे.

पण ही वाट धरताना क्रम चुकवू नये. पुष्कळ मुलं आधी कोर्स करतात आणि प्रमाणपत्र घेऊन मग कॉलेजात जातात. तिथं कळतं, की हा कोर्स मंजूर यादीत नाही, किंवा श्रेयांक जुळत नाहीत. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी कोर्सचं नाव, श्रेयांक आणि आठवडे एका अर्जात लिहून कॉलेजची लेखी मंजुरी घ्यावी. आठ आठवड्यांचा कोर्स साधारण दोन श्रेयांकांचा, बारा आठवड्यांचा तीन श्रेयांकांचा धरतात. कोर्स जुलैमध्ये आणि जानेवारीत असे वर्षातून दोनदा सुरू होतात, तेव्हा ऑगस्टच्या शेवटी जाग येऊन उपयोग नाही.

अजून तीन गोष्टी पाहाव्यात. कोर्सची परीक्षा विद्यापीठाच्या पेपरच्या दिवशीच तर येत नाही ना. नाहीतर एक भांडण मिटवायला जाऊन दुसरं ओढवून घेतलं असं होईल. परीक्षेचं केंद्र आपल्या गावापासून किती लांब आहे. आणि कोर्स कोणत्या भाषेत आहे. बहुतेक इंग्रजीत आहेत. पहिली दोन व्याख्यानं मुलानं घरी लावून पाहावीत आणि समजतंय असं वाटलं तरच पुढं जावं. घरात मोबाइल एकच असेल आणि तो वडिलांबरोबर शेतात जात असेल, तर रात्रीचा एक तास मुलासाठी ठरवून द्यावा.

परीक्षेच्या वेळचं भांडण

तासांचं भांडण नसलं तरी परीक्षेत ते उभं राहू शकतं. विशेषतः मागच्या सत्रातला एखादा पेपर राहिला असेल आणि या सत्राचे पेपरही द्यायचे असतील, तेव्हा. खुल्या विषयाला अनेक शाखांची मुलं असतात, त्यामुळे त्याच्या पेपरची तारीख कुणाच्या ना कुणाच्या पेपरवर पडू शकते.

परीक्षेचं वेळापत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आलं की त्याच दिवशी आपले सगळे पेपर, राहिलेले धरून, तारीखवार एका कागदावर उतरून काढावेत. विषयाचं नाव न पाहता पेपरचा क्रमांक पाहावा, कारण सारख्या नावाचे पेपर दोन शाखांत असतात. एकाच दिवशी, एकाच वेळी दोन क्रमांक आले, तर दोन्ही क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून प्राचार्यांमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे अर्ज करावा. वेळापत्रक बाहेर पडल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत असे अर्ज आले, तर तारीख बदलणं विद्यापीठाला शक्य असतं. पेपरच्या आदल्या दिवशी ते कुणाच्याच हातात राहत नाही.

तेव्हा यंदा घरातलं मूल कॉलेजात जाणार असेल, तर अर्जावर सही करण्याआधी आईवडिलांनी एवढंच म्हणावं, ‘‘आधी तुझा तो चौकोनाचा कागद दाखव.’’ अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल. एका घरात दोन नावं लिहिलेली दिसली, की समजावं अजून विषय ठरलेला नाही.